पातळ भिंत, बंद फेरी : प्रस्तावना

एक पोलादी चौकोनी पाइप घ्या. भिंतीच्या मध्यरेषेवर मोजला तर १५० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर उंच आणि भिंत सगळीकडे ५ मिलिमीटर जाड. एक टोक पक्कं धरा. दुसऱ्या टोकाला एक मीटरचा आडवा दांडा जोडा आणि त्याच्या शेवटी साधारण ३०० किलो वजन टांगा. पाइप वाकू नये म्हणून त्याला खालून फिरता टेकू द्या, म्हणजे त्याच्या वाट्याला फक्त पीळ येईल. हा टॉर्क होतो सुमारे ३ किलोन्यूटन-मीटर. एवढ्याने पाइप दर मीटर लांबीला पाव अंशापेक्षाही किंचित कमी पिळला जातो. पाइप तीन मीटरचा असेल तर दांड्याचं टोक जेमतेम साडेबारा मिलिमीटर खाली येईल.

आता तोच पाइप एका कडेने लांबीभर चिरा. धातू जवळपास तेवढाच राहिला, वजन तेवढंच, बाहेरून आकारही तोच. पण गणित आता दर मीटरला १०३ अंश पीळ सांगतं आणि भिंतीत ७२० मेगापास्कल शिअरचा ताण सांगतं. साधं बांधकामाचं पोलाद त्याच्या बरंच आधी हार मानतं. त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षात दिसणार नाहीत, पाइप त्याआधीच कायमचा पिळवटलेला असेल. तरी तुलना खरी आहे. एका चिरेने पिळाविरुद्धचा ताठपणा ४३२ पटींनी घटला आणि ताण ३६ पट झाला.

हे पुस्तक त्या एका चिरेबद्दल आहे. चीर नसताना भिंतीत नेमकं काय चालतं आणि चीर पडल्यावर त्यातलं काय थांबतं, एवढंच यात सांगायचं आहे. विषय वरवर पाहता दोन सूत्रांचा आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ती एका तासात शिकवून होतात आणि परीक्षेत आकडे घालून सोडवली जातात. मात्र ती सूत्रं कशामुळे उभी राहतात आणि कुठे साथ सोडतात हे कळलं नाही, तर वर्कशॉपमध्ये किंवा पुलावर ती उपयोगी पडत नाहीत.

पहिली गोष्ट समतोलाची. नळीच्या भिंतीतून लांबीच्या दिशेने एक पट्टी मनाने कापून घेऊ. पट्टीला दोन लांब कडा आहेत. एक कड भिंतीच्या जाड भागात आणि दुसरी पातळ भागात असली तरी चालेल. टॉर्कमुळे आडव्या छेदात शिअरचा ताण येतो आणि तेवढाच ताण जोडीने लांबीच्या दिशेतही येतो. ही जोडी शिअरला कधीच सुटत नाही. टॉर्क लांबीभर सारखा असेल आणि टोकं मोकळी असतील, तर पट्टीला लांबीच्या दिशेने ढकलणारं किंवा ओढणारं दुसरं काहीच नाही. म्हणजे एका कडेवरचं बल दुसऱ्या कडेवरच्या बलाने फेडलंच पाहिजे. ताण गुणिले जाडी हा गुणाकार दोन्ही कडांवर सारखा येतो. कडा आपण कुठेही निवडल्या होत्या, त्यामुळे तो भिंतीच्या पूर्ण फेरीत सारखा आहे. या गुणाकारालाच शिअर फ्लो म्हणतात. तो ताण नाही, भिंतीच्या दर मिलिमीटर लांबीवरचं बल आहे. पाटाचं पाणी जसं अरुंद जागी जोरात आणि रुंद जागी संथ वाहतं, पण दर क्षणाला जाणारं पाणी तेवढंच राहतं, तसं इथे होतं. भिंत पातळ तिथे ताण जास्त, जाड तिथे कमी आणि प्रवाह तोच.

या फ्लोला q म्हणू. q हे बल भिंतीच्या प्रत्येक लहान तुकड्यावर भिंतीच्याच दिशेने काम करतं. छेदाच्या आतला एखादा बिंदू धरून त्याभोवती प्रत्येक तुकड्याचा आघूर्ण काढला, तर बल गुणिले लंबांतर येतं. तुकड्याची लांबी गुणिले लंबांतर म्हणजे त्या बिंदूपासून तुकड्यापर्यंतच्या चिंचोळ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट. फेरी पूर्ण केली की सगळे त्रिकोण मिळून नळीच्या आतली जागा भरते. म्हणून

T = 2Aq

इथे A हे मध्यरेषेने वेढलेलं क्षेत्रफळ आहे. धातूचं क्षेत्रफळ नव्हे. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वात जास्त सापडणारी चूक हीच. आपल्या पाइपमध्ये वेढलेलं क्षेत्रफळ १५,००० चौरस मिलिमीटर आहे आणि धातूचं अवघं २,५००. चुकीचा आकडा घातला तर ताण सहापट येतो आणि बिचारा विद्यार्थी भिंत जाड करत बसतो. बरोबर आकडा घातला की q येतो दर मिलिमीटरला १०० न्यूटन आणि ५ मिलिमीटरच्या भिंतीत ताण २० मेगापास्कल. साध्या पोलादाची शिअरमधली मर्यादा १४० मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे पाइप आरामात आहे.

दुसरी गोष्ट पिळाची, आणि माझ्या मते खरं मर्म इथे आहे. नळी पिळली जाते तेव्हा छेद नुसता फिरत नाही. त्यातले बिंदू लांबीच्या दिशेनेही थोडे पुढेमागे सरकतात. याला वार्पिंग म्हणतात. भिंतीवर एका बिंदूपासून निघून पूर्ण फेरी मारली, तर आपण त्याच बिंदूवर परत येतो. त्या बिंदूचं पुढेमागे सरकणं अर्थातच एकच असलं पाहिजे, दोन असू शकत नाही. फेरीत जमा झालेलं सगळं सरकणं मिळून शून्य यायला हवं, ही अट आहे. ती गणितात मांडली की पिळाचा दर मिळतो:

θ' = (q / 2AG) ∮ ds/t

G म्हणजे धातूचा शिअर मॉड्युलस, पोलादासाठी सुमारे ८०,००० मेगापास्कल. शेवटचं चिन्ह सांगतं की भिंतीच्या प्रत्येक भागाची लांबी भागिले जाडी काढून फेरीभर बेरीज करा. आपल्या पाइपची ती बेरीज ५०० भागिले ५, म्हणजे १००. बाकी आकडे घालून पाहा, सुरुवातीला सांगितलेला पाव अंशाच्या आतला पीळ मिळेल.

आता चिरलेल्या पाइपकडे या अटीतून बघा. चिरेमुळे फेरी तुटली. दोन कडा आता एकमेकींना बांधलेल्या नाहीत, म्हणून एक कड पुढे आणि दुसरी मागे सरकू शकते. किती? वेढलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट गुणिले पिळाचा दर, इतकी. तोच टॉर्क लावला तर गणिताने हा आकडा ५४ मिलिमीटर येतो. बंद पाइपमध्येही छेद थोडा वार्प होतोच, पण त्याच्या कोपऱ्यांचं सरकणं ०.००३ मिलिमीटर एवढंच भरतं. बंद नळीचा सगळा ताठपणा कडांचं हे सरकणं रोखण्यातून येतो. रोखणारं बल म्हणजेच तो q. चीर पडली की फेरीने वाहणारा फ्लो संपतो. मग टॉर्क पेलायला उरतो तो फक्त भिंतीच्या ५ मिलिमीटर जाडीतल्या जाडीत, एका पृष्ठावर एका दिशेने आणि दुसऱ्या पृष्ठावर उलट दिशेने जाणारा ताण. आधी बलांमधलं अंतर १०० ते १५० मिलिमीटर होतं, आता ते काही मिलिमीटरच राहिलं.

याचा वर्कशॉपमधला अर्थ सरळ आहे. दोन चॅनल तोंडाला तोंड लावून पेटी बनवली, तर त्या दोन सांध्यांतून दर मिलिमीटरला १०० न्यूटन पलीकडे जायलाच हवेत. फॅब्रिकेटर अखंड वेल्ड न मारता दर १०० मिलिमीटरला एक टाका मारत असेल, तर प्रत्येक टाक्यावर १० किलोन्यूटन येतात, म्हणजे जवळपास एक टन. ५० मिलिमीटर लांबीचा नीट मारलेला टाका हे सहज पेलतो. दोन-चार जागी नुसतं टॅक करून सोडलेला पाइप मात्र बाहेरून पेटी दिसतो आणि आतून दोन चॅनलच राहतो. विमानाच्या पत्र्यातल्या रिव्हेटांचा हिशेबही असाच आहे. शिअर फ्लो गुणिले दोन रिव्हेटांमधलं अंतर, एवढं बल एका रिव्हेटवर.

या ज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. कूलॉम यांनी १७८४ मध्ये तारांच्या पिळाचे नियम मांडले. गोल छेदासाठी ते चोख होते. नाविए यांनी पुढे गृहीत धरलं की कोणताही छेद पिळताना सपाटच राहतो. चौकोनी सळईला हे लागू पडत नाही. सँ-वनाँ यांनी १८५३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवलेल्या निबंधात हे दुरुस्त केलं. गोल नसलेला छेद सर्वसाधारणपणे वार्प होतो आणि ते धरल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही, हे त्यांनी दाखवलं. इथून गणिती लवचिकतेची शाखा सुरू होते. तिला अचूकता हवी होती, पण किचकट छेदांपुढे तिचे हात बांधलेले होते.

दुसरी शाखा यंत्रं बांधणाऱ्यांची. रुडॉल्फ ब्रेट हे जर्मनीत वेटर गावी क्रेन बनवत. क्रेनच्या पोकळ छेदांना पीळ बसतो आणि त्यासाठी त्यांना हाताने करता येईल असा हिशेब हवा होता. भिंत पातळ धरली तर ताण जाडीभर सारखा मानता येतो, आणि मग सँ-वनाँचं अवघड समीकरण सोडवायची गरजच उरत नाही. वर दिलेली दोन्ही सूत्रं त्यांनी १८९६ मध्ये जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात मांडली. आजही त्यांना ब्रेटची पहिली आणि दुसरी सूत्रं म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांच्या जोडीला सिरिल बाथो यांचं नाव येतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पातळ भिंतींच्या नळ्यांबरोबर जाळीदार सांगाड्यांच्या पिळाचाही विचार केला. तो पुढे पुलांना फार उपयोगी पडला.

या दोन शाखांची गाठ घालून दिली लुडविग प्रांट्ल यांनी, १९०३ मध्ये. छेदाच्या आकाराच्या भोकावर पातळ पडदा ताणून खालून हवेचा हलका दाब दिला, तर पडद्याच्या फुगवट्याचं समीकरण आणि पिळाचं समीकरण एकच असतं. पडद्याचा उतार म्हणजे ताण आणि फुगवट्याच्या घनफळाची दुप्पट म्हणजे टॉर्क. नळीसाठी आतल्या पोकळीवर एक सपाट तबकडी बसवायची, जी सपाट राहूनच वर उचलली जाते. भिंत पातळ असली की पडदा बाहेरच्या कडेपासून तबकडीपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत चढतो. तबकडीची उंची म्हणजेच q. उतार म्हणजे उंची भागिले जाडी. घनफळ म्हणजे उंची गुणिले वेढलेलं क्षेत्रफळ आणि त्याची दुप्पट टॉर्क. ब्रेटचं पहिलं सूत्र असं नुसतं डोळ्यांनी दिसतं. ग्रिफिथ आणि टेलर यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये फार्नबरोला साबणाच्या पडद्यावर प्रत्यक्ष मापं घेऊन विमानाच्या भागांचे ताण काढले. संगणक येण्यापूर्वी किचकट छेद सोडवायचा हा खरोखरचा मार्ग होता.

तिसरी शाखा विमानांतून आली. पंखाचा पत्रा नुसतं आवरण न राहता स्वतः भार घेऊ लागला, तेव्हा पंख म्हणजे अनेक कप्प्यांची नळी झाली. प्रत्येक कप्प्यात वेगळा q, मधल्या भिंतीत दोन्हींची वजाबाकी, आणि सगळे कप्पे एकाच दराने पिळले पाहिजेत ही अट. समतोल एकटा इथे पुरत नाही, फेरी बंद होण्याची अट प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र लावावी लागते. यातली एक गंमत सांगतो. आपल्या पाइपमध्ये बरोबर मधोमध एक उभी भिंत घातली तर पिळाविरुद्ध ताठपणा किती वाढेल? ब्रेटच्या हिशेबात काहीच नाही. दोन्ही कप्पे एकसारखे, म्हणून दोन्हींचा q सारखा आणि मधल्या भिंतीत वजाबाकी शून्य. ती भिंत वाकण्याविरुद्ध कामाची आहे, पत्र्याला सुरकुती पडू नये म्हणूनही कामाची आहे. पिळाला ती फुकट.

चौथी शाखा रशियन. व्लासोव्ह यांनी १९४० मध्ये पातळ भिंतींच्या उघड्या छेदांचा सिद्धांत पुस्तकरूपात मांडला. वार्पिंग अडवलं गेलं की लांबीच्या दिशेने ताण आणि दाब कसे उपजतात, हा त्याचा विषय. उमान्स्की यांनी बंद छेदांसाठी त्याच दिशेने काम केलं. आज संगणकावर छेद काढला की ताठपणाचा आकडा क्षणात येतो, पण आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे हे पडद्यावर लिहिलेलं नसतं.

आकारांशी थोडं खेळून पाहिलं की सूत्रांची चव कळते. आपल्या पाइपचा एक १५० मिलिमीटरचा पृष्ठभाग ५ ऐवजी अडीच मिलिमीटरचा केला, तर q बदलत नाही, कारण A तोच आहे. पातळ पृष्ठात ताण दुप्पट होऊन ४० मेगापास्कल होतो, बाकी तीन पृष्ठांत २०च राहतो आणि एकूण पीळ ३० टक्क्यांनी वाढतो. बंद नळीत सर्वात जास्त ताण सर्वात पातळ जागी असतो. उघड्या छेदात नेमकं उलटं असतं, तिथे सर्वात जाड भागाला सर्वात जास्त ताण. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना हा फरक निसटला की डिझाइन उलट्या दिशेने चालू लागतं.

आता जाडी तीच, परिघ तोच, वजन तेच, फक्त पाइप चपटा करू. २२५ बाय २५. वेढलेलं क्षेत्रफळ १५,००० वरून ५,६२५ वर आलं. ताण २० वरून ५३ मेगापास्कल झाला आणि पीळ सातपट. उलट तोच पत्रा गोल वळवला तर चौकोनी पाइपपेक्षा पावणेदोन पट ताठ नळी मिळते. ताठपणा क्षेत्रफळाच्या वर्गावर चालतो, म्हणून आतली रिकामी जागा इतकी मोलाची ठरते.

मग भिंत पातळ करत आणि नळी फुगवत का नेऊ नये? इथे ब्रेट गप्प बसतात. तोच १५० बाय १०० चा पाइप १ मिलिमीटर पत्र्याचा करा. q अजूनही १००, ताण १०० मेगापास्कल, शिअरच्या मर्यादेच्या आत. कागदावर पास. पण १५० मिलिमीटर रुंदीचा, १ मिलिमीटर जाडीचा पत्रा शिअरमध्ये साधारण ४३ मेगापास्कललाच तिरक्या सुरकुत्या टाकतो. पाच मिलिमीटरच्या भिंतीत हीच मर्यादा हजाराच्या वर असल्यामुळे तिची आठवणही होत नाही. ती रुंदी-जाडीच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटते, त्यामुळे पत्रा पातळ करणाऱ्याच्या अंगावर अचानक येते. ओळखायची खूण म्हणजे पृष्ठभागावर सुमारे ४५ अंशांत उमटणाऱ्या समांतर लाटा. सुरकुतलेला पत्रा लगेच निकामी होत नाही. तो तिरक्या ओढीने भार नेत राहतो आणि हर्बर्ट वॅग्नर यांनी १९२९ मध्ये त्याचा हिशेब मांडला. विमानांत ते चालवून घेतात, पण ब्रेटचं पिळाचं सूत्र त्यानंतर जसंच्या तसं लागू होत नाही.

दुसरी मर्यादा छेदाचा आकार टिकण्याची. टॉर्क पेटीच्या चारही भिंतींना q म्हणून मिळाला तर सिद्धांत खरा. प्रत्यक्षात तो बहुधा दोन समोरासमोरच्या भिंतींवर उलट-सुलट बलांनी येतो. पुलावर एका कडेच्या मार्गिकेतच गाड्या असतात तेव्हा तसंच होतं. मग चौकोन समांतरभुज होऊ पाहतो. त्याला आवरायला आत आडव्या भिंती लागतात, ज्यांना डायफ्रॅम म्हणतात. १९६९ ते १९७१ या काळात व्हिएन्ना, वेल्समधलं मिलफर्ड हेवन, मेलबर्न आणि कोब्लेंझ इथे पोलादी पेटीचे पूल बांधकाम चालू असताना मोडले किंवा कोसळले. मिलफर्ड हेवनला खांबावरच्या डायफ्रॅमनेच दगा दिला. हे अपघात पिळाचे नव्हते. पण पातळ पत्र्याची पेटी सूत्रातल्या पेटीपेक्षा नाजूक असते, हा धडा पूल बांधणाऱ्यांनी तिथे किंमत मोजून घेतला.

तिसऱ्या मर्यादेला फार जागा देत नाही. भिंत जाड होत गेली की ताण जाडीभर सारखा राहत नाही. गोल नळीत जाडी मध्य-त्रिज्येच्या दहाव्या भागाइतकी असेल, तर ताठपणाची चूक पाव टक्का असते, पण बाहेरच्या पृष्ठावरचा ताण ब्रेटच्या आकड्यापेक्षा सुमारे ५ टक्के जास्त असतो. चौकोनी पाइपच्या आतल्या कोपऱ्यात वळण तीक्ष्ण असेल तर तिथे ताण याहून बराच चढतो. वारंवार उलट-सुलट पीळ बसणाऱ्या भागात तडे तिथूनच निघतात.

या विषयाची सर्वात ठळक साक्ष मला पुलांत दिसते. टॅकोमा नॅरोजचा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळून पिळून तुटला. त्याच्या कडांना जेमतेम ८ फूट उंचीचे भरीव पत्र्याचे गर्डर होते आणि रस्त्यासह त्याचा छेद इंग्रजी H सारखा, म्हणजे उघडा होता. अपघाताचं मूळ वाऱ्याच्या आणि पुलाच्या परस्पर खेळात होतं, पण पिळाविरुद्ध त्या छेदात जीव नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची गोष्ट कमी सांगितली जाते. त्याला दोन्ही बाजूंना उंच जाळीदार ट्रस होते आणि वर रस्त्याच्या पातळीला आडवी बांधणी होती. खालची बाजू मोकळी होती. तीन भिंतींची नळी. १ डिसेंबर १९५१ च्या वादळात पूल इतका हलला की वाहतूक बंद करावी लागली. त्यानंतर १९५४ पर्यंत खालच्या बाजूला तिरक्या बांधणीची जाळी बसवली गेली. चौथी भिंत आली आणि फेरी पूर्ण झाली. जाळीची भिंत पत्र्यासारखी धरायची असेल तर तिच्या तिरक्या दांड्यांवरून तिची सममूल्य जाडी काढतात आणि मग तेच दुसरं सूत्र वापरतात.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काँक्रीटचे तुकडे पेट्यांचे आहेत, आणि वळणावरच्या मेट्रोखाली उभं राहून वर पाहिलं तर अनेकदा पेटीच दिसते. वळणावर गाडीचा भार दोन खांबांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर पडतो आणि गर्डरला पिळतो, म्हणून तिथे बंद छेद सोयीचा असतो.

पण बंद छेद सगळीकडे चांगलाच, असं समजू नये. मालट्रकची चेसिस मुद्दाम उघड्या चॅनलची असते. खड्ड्यात एक चाक उतरलं की चौकट थोडी पिळून चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. कुणी उत्साहाने त्या चॅनलचा एखादा भाग पत्रा मारून बंद करतो. तेवढा भाग शेकडो पट ताठ होतो, सगळा पीळ शेजारच्या उघड्या भागात एकवटतो आणि तो पत्रा संपतो तिथे तडा जातो. ताठपणा कुठे हवा हे आधी ठरवावं, सूत्र नंतर काढावं.

मराठीत या विषयावर सलग वाचायला फार थोडं आहे. अभ्यासक्रमातली पुस्तकं सूत्र देतात, उदाहरण देतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. या पुस्तकाचा प्रयत्न वेगळा आहे. एकच पाइप, वरचाच, यात शेवटपर्यंत हाताशी ठेवला आहे. तो चिरला आहे, चपटा केला आहे, कप्पे पाडले आहेत, पातळ करून सुरकुतवला आहे, टोकाला जखडून वार्पिंग अडवलं आहे. दर वेळी आधी q ची वाट काढायची, मग फेरी बंद होते का ते पाहायचं आणि मगच आकडे घालायचे, हा क्रम कुठेही मोडलेला नाही. सँ-वनाँचं पूर्ण समीकरण यात आहे, पण ब्रेटचं सूत्र पक्कं झाल्यानंतर. हा क्रम काही शिक्षकांना उलटा वाटेल. माझा अनुभव असा की ज्याला आधी प्रवाह दिसला त्याला समीकरण नंतर जड जात नाही.

काही गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत. काँक्रीटला तडे गेल्यानंतरचा पीळ हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. थर लावून बनवलेल्या कार्बन-फायबरच्या नळ्यांत पीळ आणि ताण एकमेकांत गुंततात, त्यांनाही इथे हात लावलेला नाही. अडवलेल्या वार्पिंगची फक्त तोंडओळख आहे. खोलात जायचं असेल त्याने व्लासोव्हकडे जावं, त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे.

वाचकाकडून अपेक्षा बारावीच्या कॅल्क्युलसची आणि बलांचा समतोल मांडता येण्याची. सगळी मापं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये आहेत, त्यामुळे ताण थेट मेगापास्कलमध्ये येतो. उदाहरणं कागदावर, हाताने सोडवा आणि संगणकाचा आकडा नंतर पडताळून पाहा. दोन्हींत मोठा फरक आला, तर आधी A पुन्हा मोजा.